खटला गॅलिलिओचा, वाद कशाचा?

अकरावी-बारावीच्या मुलांना ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असा विषय दिला की दोन्ही बाजू घोषणा देऊन मोकळ्या होतात. त्यापेक्षा ठराव नेमका असावा: ‘गॅलिलिओवरचा खटला हा धर्माने विज्ञानावर केलेला आघात होता.’

अनुकूल बाजूचे काम त्यातल्या त्यात सोपे. १६१६ मध्ये चर्चने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत रोखला. १६३३ मध्ये गॅलिलिओला पृथ्वी फिरते हे मत सोडल्याची शपथ घ्यायला लावली आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला.

खरी रंगत प्रतिकूल बाजूत आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर वर्षभरात जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते सरकणे त्या काळच्या दुर्बिणींना दिसत नव्हते. बेसेलने ते मोजल्याचे जाहीर केले १८३८ मध्ये. गॅलिलिओचा आवडता, भरती-ओहोटीचा पुरावा तर चुकीचाच होता. शिवाय पक्का पुरावा मिळाल्यास धर्मग्रंथाच्या अर्थाचा फेरविचार करावा लागेल, असे कार्डिनल बेलार्मिनने १६१५ मध्ये लिहिले होते.

यावर अनुकूल बाजूने विचारावे: पुरावा अपुरा होता, तर प्रतिवाद करायचा, कैद कशासाठी? हा प्रश्न न विचारणाऱ्या संघाचे गुण परीक्षक म्हणून मी तरी कापीन.