सहा लॅपटॉप, चार बॅचेस आणि एक वही

तालुक्याच्या गावातलं संगणक प्रशिक्षण केंद्र म्हणजे बहुधा एसटी स्टँडजवळचा एक गाळा, भिंतीला लागून बाकं आणि त्यावर सहा लॅपटॉप. सकाळी सातला एमएस-सीआयटीची पहिली बॅच, संध्याकाळी टायपिंगवाल्यांची शेवटची. एका मशीनवर दोघं धरली, तरी चार बॅचेसमध्ये दिवसाला अठ्ठेचाळीस जण होतात. घरच्या लॅपटॉपला एक मालक असतो. तो जरा वेगळा वागू लागला की मालकाच्या लगेच लक्षात येतं. इथे अठ्ठेचाळीस जण हाताळतात आणि बिघडलं कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अशा केंद्रात पहिली खरेदी अँटिव्हायरसची नसावी, दोनशे पानी वहीची असावी.

प्रत्येक लॅपटॉपला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक त्याच्या चार्जरवरही पक्क्या मार्करने लिहा. हे किरकोळ वाटतं, पण केंद्रातल्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात, असं माझं मत आहे.

एक नेहमीचं प्रकरण घेऊ. ‘चार नंबरची बॅटरी गेली,’ अशी ओरड होते. दुपारी वीज गेली की बाकीचे पाच तग धरतात, चार नंबर अर्ध्या तासात बंद पडतो. नवी बॅटरी मागवण्याआधी विंडोजलाच विचारावं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

battery-report.html नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही पडद्यावर दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडून फक्त दोन आकडे पाहा. DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज पूर्ण भरल्यावर तिच्यात मावते तेवढी. समजा चार नंबरला पहिला आकडा 45,000 mWh आणि दुसरा 39,200 mWh निघाला. म्हणजे 87 टक्के क्षमता शाबूत आहे. साधं टायपिंग करताना लॅपटॉप ताशी दहा वॅट-तास खातो असं धरलं, तर एवढ्यात साडेतीन तासांहून जास्त चालायला हवा. बॅटरी निर्दोष सुटली. हाच दुसरा आकडा 18,000 च्या आसपास असता, तर मात्र ओरड खरी होती.

मग दोष कुणाचा? चार्जर उलटा करून त्यावरची बारीक छपाई वाचा. 19.5 व्होल्ट आणि 3.33 अँपिअर, गुणाकार 65 वॅट. चार नंबरला लावलेल्यावर मात्र 2.31 अँपिअर लिहिलंय, म्हणजे 45 वॅट. पिन तीच, म्हणून बसतो. दिवा लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण लॅपटॉप चालू असताना त्यातली काही वीज मशीनच खातं आणि बॅटरीच्या वाट्याला कमी उरते. दोन बॅचेसमधल्या अर्ध्या तासात ती पुरेशी भरत नाही आणि पुढची बॅच अर्ध्यामुर्ध्या बॅटरीवर बसते. चार्जरची अदलाबदल केली की चार नंबर सुधारतो. खर्च शून्य.

वहीत बॅचनंतर एक ओळ पुरे: तारीख, मशीन क्रमांक, चार्ज किती उरलं, काय वेगळं दिसलं. ही ओळ शिक्षकाने नाही, शेवटी उठणाऱ्या विद्यार्थ्याने लिहावी. महिन्यातून एकदा सहाही मशीनचे ते दोन आकडे शेवटच्या पानावर उतरवा. एखादी बॅटरी घसरतेय, हे ती दगा देण्याच्या कितीतरी आधी कळतं.

बाकीचं थोडक्यात. विद्यार्थ्यांचं खातं Standard प्रकारचं ठेवा, Administrator चा पासवर्ड एकाकडेच. मग नको ते बरेचसे प्रोग्राम टाकता येत नाहीत. लॅपटॉप पडद्याला धरून उचलू देऊ नका, बिजागऱ्या त्यानेच सैल होतात. पाण्याच्या बाटल्या बाकावर नकोत, खिडकीत.

उष्णतेकडे मात्र नीट पाहावं लागतं. लिथियमची बॅटरी उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भरून ठेवल्याने लवकर म्हातारी होते. मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद लोखंडी कपाटात लॅपटॉप चार्जिंगला लावून जाणं म्हणजे दोन्ही अपराध एकदम. बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करा. भारनियमन जास्त असेल, तर त्या दिवसांपुरती बंद ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत मशीन पूर्ण बंद करून साधारण अर्ध्या चार्जवर ठेवावीत. अगदी रिकामी ठेवली, तर काही बॅटऱ्या पुन्हा भरतच नाहीत.

एक खूण दिसली की वहीत नोंद करून भागणार नाही. टचपॅड वर उचललं गेलं, कीबोर्ड मध्ये फुगला किंवा झाकण नीट मिटेना, म्हणजे आत बहुधा बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी मशीन बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका आणि दुरुस्तीवाल्याकडूनच ती काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.