एकदाच आठवण, मग कायमचं गप्प

ऑनलाइन दुकानात वस्तू कार्टमध्ये टाकायच्या, पत्तासुद्धा भरायचा आणि पैसे न देताच निघून जायचं, हे रोजचंच आहे. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट अशा सोडून दिलेल्या कार्टांचे निरनिराळ्या पाहण्यांतले आकडे वर्षानुवर्षं गोळा करते. त्यांची सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे भरलेल्या दहा कार्टांपैकी सात तशीच पडून राहतात. त्यात बरेच जण नुसतेच बघायला आलेले असतात. ज्यांना खरंच घ्यायचं होतं, ते सोडून जाण्याचं पहिलं कारण सांगतात ते शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेल्या खर्चाचं: डिलिव्हरी चार्ज, कर, आणखी काही शुल्क.

दुकानदाराला मात्र ही हातातोंडाशी आलेली विक्री वाटते. मग सुरू होते मेलची माळ. तासाभरात पहिला मेल, दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी दहा टक्क्यांचं कुपन, आठवड्याने ‘शेवटची संधी’. या माळेऐवजी काही दुकानं एक साधा नियम पाळतात. थोडा वेळ जाऊ द्यायचा, एकच मेल पाठवायचा आणि त्या कार्टाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यातला ‘थोडा वेळ’ म्हणजे किती आणि ‘एकच’ म्हणजे खरोखर एकच कसा, हे दोन्ही प्रश्न करायला बसल्यावर चांगलेच किचकट निघतात.

समजा, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं विकणारी एक छोटी वेबसाइट आहे. गुरुवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास पुण्याहून एक बाई लाकडी फळांचा ८५० रुपयांचा संच कार्टमध्ये टाकतात. ईमेल आणि पत्ता भरतात. पुढच्या पानावर डिलिव्हरीचे १४० रुपये वाढून एकूण ९९० होतात आणि ९ वाजून ५२ मिनिटांनी त्या निघून जातात. आता त्यांना मेल कधी जावा?

दहा मिनिटांनी पाठवला, तर तो बहुधा वाया जातो. माणूस कार्ड आणायला उठलेला असतो, ओटीपीची वाट बघत असतो, नाहीतर दुसऱ्या साइटवर भाव पडताळत असतो. यातले कितीतरी जण स्वतःहूनच परत येतात. त्यांना मेल गेला तर विक्रीचं श्रेय मेलला मिळतं, एवढंच. शॉपिफायसारख्या तयार दुकान-प्रणालीत मेल किती तासांनी जावा हे दुकानदाराला निवडता येतं. आपल्या उदाहरणापुरते दहा तास धरू. पण ९ वाजून ५२ मिनिटांत दहा तास मिळवले की सकाळचे आठ वाजायला येतात. डबे भरायच्या वेळी फोन वाजवायला नको म्हणून दुसरी अट हवी: मेल सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेतच जाईल. या हिशेबाने बाईंना तो शुक्रवारी सकाळी दहाला मिळेल. संचाची आठवण अजून ताजी असते, आणि रात्रीच्या थकव्यात सोडलेली गोष्ट सकाळी नीट बघता येते.

उशिराचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष आहे. यूपीआयने पैसे भरताना कधी कधी खात्यातून रक्कम जाते, पण दुकानाला पावती पोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये असं झालं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत व्हायला हवेत. मधल्या काळात दुकानाच्या नोंदीत हे कार्ट ‘सोडून दिलेलं’ दिसतं. ज्याचे ९९० रुपये हवेत लटकलेत, त्याला ‘तुम्ही काहीतरी विसरलात!’ असा हसरा मेल आला तर तो काय म्हणेल, हे छापण्यासारखं नाही. म्हणून पैसे भरायचा प्रयत्न झालेली कार्टं स्मरणपत्राच्या यादीतून आधीच बाजूला काढायची आणि माणसाने बघायची.

आता ‘एकदाच’. दर दहा मिनिटांनी एक छोटा प्रोग्रॅम उठतो, वेळ भरलेली कार्टं शोधतो आणि मेल पाठवतो. गोंधळ इथेच होतो. प्रोग्रॅमची एक फेरी लांबली आणि ती संपण्याआधी दुसरी सुरू झाली, तर दोघींनाही तेच कार्ट सापडतं आणि बाईंना दोन मेल जातात. किंवा मेल गेला, पण ‘पाठवला’ अशी नोंद होण्याआधी सर्व्हर बंद पडला. पुढची फेरी पुन्हा पाठवते. यावरचा उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा, आधी नोंद आणि मग मेल:

```sql
UPDATE carts
SET reminder_sent_at = now()
WHERE id = 4182
  AND reminder_sent_at IS NULL
  AND ordered_at IS NULL;
```

मराठीत याचा अर्थ असा: ४१८२ क्रमांकाच्या कार्टावर आठवण पाठवल्याची वेळ लिही, पण आधी पाठवलेली नसेल आणि ऑर्डरही झालेली नसेल तरच. डेटाबेस उत्तरादाखल किती ओळी बदलल्या ते सांगतो. एक बदलली, तर मेल पाठवायचा. शून्य आलं, तर दुसऱ्या फेरीने काम उरकलंय किंवा बाईंनी संच घेऊन टाकलाय, गप्प बसायचं. या पद्धतीत नोंद झाल्यावर मेल पाठवताना काही बिघडलं, तर तो मेल कुणालाच जात नाही. हे नुकसान जाणूनबुजून पत्करायचं असतं. कारण न गेलेला मेल कुणाला जाणवत नाही, दोनदा आलेला मात्र लक्षात राहतो.

याहून फसवी चूक वेगळीच आहे. बाई शनिवारी परत येतात, संचात एक भोवरा घालतात आणि पुन्हा निघून जातात. काही प्रणाल्या कार्ट बदललं की घड्याळ नव्याने लावतात आणि ‘पाठवला’ ही खूणही पुसतात. झालं, रविवारी दुसरा मेल. घड्याळ नव्याने लागलं तर लागू दे. खूण मात्र एकदा लागली की पुसली जाता कामा नये. शिवाय फोनवर एक कार्ट आणि लॅपटॉपवर दुसरं असेल, तर प्रोग्रॅमला ती दोन वाटतात, बाई तर एकच आहेत. म्हणून मोजणी ईमेलच्या पत्त्यावरूनही करावी लागते. गेल्या तीस दिवसांत या पत्त्यावर आठवण गेली असेल, तर नवीन कार्टासाठीही ती जाणार नाही, असा नियम पुरतो.

मेलमध्ये काय लिहावं? माझ्या मते एवढंच:

‘नमस्कार. काल तुम्ही निवडलेल्या वस्तू तुमच्या कार्टमध्ये आहेत. डिलिव्हरीसह एकूण ९९० रुपये होतात. घ्यायच्या असतील तर खालच्या लिंकवर पत्ता भरलेलाच आहे. काही अडचण आली असेल तर याच मेलला उत्तर द्या, आम्ही वाचतो. या कार्टाबद्दल आम्ही पुन्हा लिहिणार नाही.’

रक्कम डिलिव्हरी धरून सांगितली आहे, कारण बाई बहुधा त्याच १४० रुपयांवर अडल्या होत्या आणि तो आकडा पुन्हा लपवला तर त्या पुन्हा तिथेच अडतील. वस्तूचं नाव मेलच्या विषयात घातलेलं नाही. ते फोनच्या बंद पडद्यावरही दिसतं, आणि अनेक घरांत ईमेल नवरा-बायकोचा एकच असतो. वाढदिवसाची भेट अशी फुटायला नको. औषधं किंवा अंतर्वस्त्रं विकणाऱ्या दुकानात तर मुळीच नको. कुपनही नाही. दर वेळी सोडलेल्या कार्टामागून दहा टक्के येतात हे गिऱ्हाईकाला एकदा उमजलं, की तो कार्ट मुद्दाम सोडायला लागतो, आणि पूर्ण भावाने घेणारा साधा माणूस तेवढा बावळट ठरतो.

‘फक्त २ नग शिल्लक’ हे वाक्य खरं नसेल तर ते आता नियमातही बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला एक. पिच्छा पुरवणं हाही आहे, आणि तुमच्याच कार्टाची चौथी आठवण त्यात सापडूही शकते. तिला रोखायला दुकानदाराचं स्वतःचं गणितच पुरेसं आहे. कंटाळलेला माणूस बहुतेक वेळा मेल बंद करायची लिंक शोधत बसत नाही, तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून घातलेल्या नियमांत अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. छोटं दुकान या आकड्यात बसत नसलं, तरी तक्रारींनी त्याच्याही मेलची पत घसरते. मग ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्या ऑर्डरच्या पावत्याही स्पॅममध्ये जाऊन पडायला लागतात.

पत्ता कुठून आला, हेही बघायला हवं. २०२२ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी सुमारे एक लाख वेबसाइट तपासल्या. फॉर्मचं बटण दाबायच्या आधीच टाइप केलेला ईमेल दुसऱ्या कंपन्यांकडे जाताना त्यांना दिसला: युरोपातून बघताना १,८४४ साइटवर, अमेरिकेतून २,९५० साइटवर. पत्ता लिहून मग मन बदलून खोडणाऱ्या माणसालाही आठवण येते, ती अशाने. एकच मेल पाठवायचा असला तरी तो बटण दाबलेल्यालाच जावा. नंतर तो पत्ता दिवाळी सेलच्या यादीत गुपचूप सरकवायचा नाही, नाहीतर ‘पुन्हा लिहिणार नाही’ हे वाक्य महिनाभरात खोटं ठरतं.

एका मेलने उपयोग होतो का, हे मोजण्याची रीत सोपी आहे, पण फार थोडे ती वापरतात. समजा दोन महिन्यांत ४०० कार्टं पडून राहिली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्म्यांना मेल पाठवायचे आणि निम्म्यांना नाही. पाठवलेल्या २०० पैकी २६ जणांनी नंतर खरेदी केली आणि न पाठवलेल्या २०० पैकी १८ जणांनी, तर मेलची कमाई २६ ऑर्डरी नव्हे, ८ आहे. अहवालात मात्र बहुतेक वेळा २६ च दिसतात. इतक्या थोड्या आकड्यांत ८ चा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून दोन महिन्यांवर न थांबता आणखी काही महिने तसंच चालवावं लागतं. हीच मोजणी दुसऱ्या आणि तिसऱ्या मेलला लावली की त्यांच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नसावं, असा माझा अंदाज आहे; ज्यांना पटत नाही त्यांनी आपल्याच दुकानात करून बघावी.

आठवणीला आलेली उत्तरं मात्र जपून ठेवावीत. ‘डिलिव्हरी १४० कशी? माझ्या गावी कुरिअर साठला येतं,’ असं चार-पाच जणांनी लिहिलं, तर पिनकोड विचारून डिलिव्हरीचा खर्च वस्तूच्या पानावरच दाखवायला हवा. तो तिथे दिसला की न परवडणारा माणूस कार्टापर्यंत येतच नाही, परवडणारा शेवटच्या पायरीवर दचकत नाही, आणि सकाळी दहाच्या फेरीला पाठवायला मेलच कमी सापडतात.