मागाठाण्याचं शेत आणि कल्याणचा व्यापारी : कान्हेरीच्या एका शिलालेखाचं वर्ष कसं ठरवायचं?

मेट्रो ७ वर मागाठाणे नावाचं स्टेशन आहे. बोरिवली पूर्वेला राहणाऱ्यांसाठी मागाठाणे म्हणजे बस डेपो, हायवे आणि ट्रॅफिक. पण साधारण अठराशे वर्षांपूर्वी याच नावाच्या गावातलं एक शेत कान्हेरीच्या भिक्षूंना दान मिळालं होतं, असं एक शिलालेख सांगतो. दान देणारा होता कल्याणचा एक व्यापारी.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना 'व्यापारी मार्ग आणि बौद्ध धर्माचा प्रसार' हा विषय पेपरसाठी अनेकदा मिळतो. मुंबईतल्या विद्यार्थ्यासाठी हा शिलालेख म्हणजे आयतं उदाहरण. बंदर आहे, व्यापारी आहे, लेणं आहे, दान आहे. अडचण एका साध्या प्रश्नाशी सुरू होते : हे नेमकं कधी घडलं?

शिलालेखात काय आहे?

कान्हेरीच्या डोंगरावर शंभराच्या आसपास शिलालेख आहेत. त्यातल्या बहुतेकांत ना वर्ष आहे ना राजाचं नाव. लेणं क्रमांक ८१ मधला लेख वेगळा आहे. अपरेणु नावाच्या कल्याणच्या उपासकाने हे लेणं कुटुंबासह दान दिल्याचं त्यात नोंदवलं आहे. सोबत त्याने २०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, आणि 'मंगलठाण' गावातलं शेत दिलं.

ही रक्कम 'अक्षयनीवी' म्हणून दिली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर कायमची मुदत ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या उत्पन्नातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूचा वस्त्रांसारखा खर्च भागवायचा. मंगलठाण म्हणजेच आजचं मागाठाणे, असं अभ्यासक मानतात. नावातलं साम्य आणि कान्हेरीपासूनचं जवळचं अंतर ही त्यामागची कारणं. पेपरमध्ये मात्र ही ओळख 'अभ्यासकांच्या मते' अशीच लिहायला हवी, कारण ती लेखात नाही, आपण लावलेली आहे. मागाठाण्यातही बौद्ध लेणी आहेत, पण ती बरीच नंतरची मानली जातात. त्यामुळे शेताचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

तारीख दिली आहे, मग अडचण काय?

लेखात काळ दिलेला आहे : राजा यज्ञश्री सातकर्णीचं १६वं राज्यवर्ष. अडचण अशी की हे वर्ष राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेलं आहे. राजा गादीवर कधी आला हे ठरल्याशिवाय त्याचं इसवी सनात रूपांतर होत नाही.

इथे पहिला सापळा आहे. लेखात या राजाला 'गोतमीपुत्र'ही म्हटलं आहे. सातवाहन राजे आईच्या नावावरून असं बिरुद लावत. ते वाचून नहपानाला हरवणारा प्रसिद्ध गौतमीपुत्र सातकर्णी डोळ्यांसमोर येतो. पण तो वेगळा राजा, यज्ञश्रीच्या आधीचा. दोघांची गल्लत झाली की पेपरमधला काळ काही दशकांनी मागे जातो आणि पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

यज्ञश्रीचा काळ कसा काढतात?

थेट सांगणारा पुरावा नाही. त्यामुळे खुंट्या शोधाव्या लागतात, म्हणजे अशा घटना ज्यांचं वर्ष दुसऱ्या मार्गाने पक्कं होतं.

सगळ्यात भक्कम खुंटी गुजरातमध्ये आहे. जुनागढच्या लेखात क्षत्रप राजा रुद्रदामन दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचं सांगतो. त्या लेखातलं वर्ष ७२ शक संवताचं धरतात. शकात ७८ मिळवले की इ.स. १५० येतं.

दुसरी खुंटी नहपानाची. त्याच्या काळातल्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षं येतात. ती शक संवताची धरली तर इ.स. ११९ ते १२४ हा काळ निघतो. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. म्हणजे गौतमीपुत्र नहपानाच्या नंतर जिंकला हे नक्की. त्याच्यानंतर पुळुमावी आणि इतर राजे, आणि मग यज्ञश्री.

या मधल्या राजांना किती वर्षं द्यायची यावर एकमत नाही. पुराणांत राजांची यादी आणि वर्षं आहेत, पण वेगवेगळ्या पुराणांतले आकडे जुळत नाहीत. त्यामुळे काही अभ्यासक यज्ञश्रीची कारकीर्द इ.स. १५२ च्या सुमारास सुरू करतात, तर काही १७४ च्या सुमारास. पहिला हिशेब धरला तर अपरेणुचं दान १६७-१६८ चं, दुसरा धरला तर १९० च्या आसपासचं. फरक वीसेक वर्षांचा, म्हणजे जवळपास एका पिढीचा.

म्हणून पेपरमध्ये 'इ.स. १८०' असा मधला आकडा लिहू नये. तो या दोन्हींपैकी एकाही हिशेबाचा नसतो, आपण काढलेली सरासरी असते. 'यज्ञश्रीचं १६वं राज्यवर्ष, इ.स. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध' एवढं लिहिलं तर दोन्ही हिशेबांत ते खरं राहतं. तळटीपेत दोन्ही मतं आणि ती कुणाची हे द्यावं.

ग्रीक पुस्तक मदत करतं की गोंधळ वाढवतं?

कल्याणचा उल्लेख आला की बहुतेक पेपरांत लगेच 'पेरिप्लस' येतं. एका अनामिक ग्रीक भाषिकाने लिहिलेली ही समुद्री व्यापाराची मार्गदर्शिका. सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं तिच्यात आहेत. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होतं, पण आता तिथे अडथळे आहेत आणि चुकून तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ शकतात, असं ती सांगते.

वाक्य आकर्षक आहे, पण पुस्तक साधारण इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यातलं मानतात. अपरेणुचं दान त्यानंतर शंभरेक वर्षांनी झालं. पहिल्या शतकातली नाकेबंदी दाखवून दुसऱ्या शतकातल्या व्यापाऱ्याची श्रीमंती समजावता येत नाही. फार तर एवढं म्हणता येतं की हे बंदर जुनं होतं आणि त्याच्यावरून सत्तांमध्ये ओढाताण झाली होती.

गंमत पुढे आहे. पेरिप्लसमध्ये भडोचकडच्या एका राजाचं नाव येतं आणि अनेक अभ्यासक त्याला नहपान मानतात. तसं असेल तर नहपान पहिल्या शतकातला ठरतो आणि वर काढलेल्या ११९ ते १२४ शी ते जुळत नाही. मग काही जण म्हणतात, नहपानाची वर्षं शक संवताची नाहीतच. नहपान सरकला की गौतमीपुत्रही सरकतो. यज्ञश्रीवर याचा किती परिणाम होईल हे पुन्हा मधल्या राजांवर ठरतं. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण साक्षीला बोलावलं, तेच आपल्या कालगणनेची एक खुंटी हलवतं. पेपरमध्ये पेरिप्लस वापरायचं असेल तर ही दुसरी बाजूही सांगावी लागते.

नाणं सापडलं म्हणजे काळ पक्का?

याच यज्ञश्रीचं एक चांदीचं नाणं नालासोपाऱ्यात सापडलं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या टेकाडाचं उत्खनन केलं. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि सगळ्यात आत सोन्याचा. यज्ञश्रीचं नाणं याच ऐवजात होतं. म्हणजे स्तूप यज्ञश्रीच्या काळातला, असं लिहावंसं वाटतं.

पण त्याच तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ धातूमूर्ती होत्या आणि त्यांची शैली आठव्या-नवव्या शतकातली मानली जाते. एकाच पेटीत सहाशे वर्षांचं अंतर! सर्वसाधारणपणे दिलं जाणारं स्पष्टीकरण असं की स्तूप नंतर कधीतरी उघडला गेला आणि मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला गेला.

नाणं फक्त एक गोष्ट पक्की सांगतं : ज्या दिवशी ते आत ठेवलं, तो दिवस नाणं पाडल्यानंतरचा आहे. किती नंतरचा, हे ते सांगत नाही. नाणं झिजलेलं नसेल तर ते फार काळ वापरात नव्हतं, असा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच.

मग प्रसार व्यापाऱ्यांनी केला का?

वर्षाइतकाच घोळ इथे होतो. अपरेणुच्या लेखातून कळतं की कल्याणच्या व्यापाऱ्याने कान्हेरीत पैसे आणि जमीन दिली, आणि तेव्हा तिथे दान सांभाळू शकणारा संघ होता. म्हणजे बौद्ध धर्म तिथे आधीच पोचलेला होता. सोपाऱ्यात तर सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत, ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. अपरेणुच्या चारशेहून अधिक वर्षं आधीचे. अर्थात तेही राजाज्ञेचा पुरावा आहेत, सोपाऱ्यात तेव्हा विहार होता याचा नाही.

फरक दोन वाक्यांत दिसतो. 'इ.स. १८० मध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीत बौद्ध धर्म आणला' या वाक्यात वर्ष, अनेकवचन आणि क्रियापद अशा तीन गोष्टी पुराव्याबाहेरच्या आहेत. 'दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याणचा एक व्यापारी कान्हेरीच्या संघाचा खर्च उचलत होता' या वाक्याचा दावा लहान आहे, पण तो पुराव्याला धरून आहे.

शेवटचं एक, लेणी बघायला जाणार असाल तर. जुन्या पुस्तकांतले लेणी क्रमांक आजच्या पाट्यांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळे पेपरमध्ये क्रमांकासोबत राजाचं, दात्याचं आणि गावाचं नावही द्या. क्रमांक बदलला तरी कल्याणचा अपरेणु आणि मंगलठाणचं शेत यावरून लेख सापडतो.