शेवटचा दिवस नेमका कोणता?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात एक गुणवत्ता निरीक्षक एक वर्षाच्या करारावर लागला. नियुक्तीपत्र 24 नोव्हेंबर 2025 चं. त्यात लिहिलं होतं, ‘1 डिसेंबरपर्यंत रुजू व्हावे, नेमणूक रुजू झाल्याच्या दिवसापासून एक वर्षासाठी राहील.’ वैद्यकीय तपासणीचा अहवाल उशिरा आल्याने तो 3 डिसेंबरला रुजू झाला, तेही व्यवस्थापकांची परवानगी घेऊन. पुढे पगाराच्या संगणक प्रणालीत त्याच्या नावापुढे कराराची अखेर दिसू लागली, 30 नोव्हेंबर 2026. पत्राप्रमाणे मोजलं तर वर्ष 2 डिसेंबरला भरतं.

दोन दिवसांचा फरक. त्यासाठी पत्र कशाला लिहायचं?

एक कारण ग्रॅच्युइटीचं. पूर्वी तिच्यासाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांसाठी ही अट खाली आणली. कराराखाली एक वर्ष सेवा झाली की त्यांनाही ग्रॅच्युइटी मिळते. हिशेबासाठी धरला जाणारा महिन्याचा पगार 26 हजार असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं. वर्षाचे 15 हजार होतात. करार 30 नोव्हेंबरला संपल्याची नोंद झाली, तर ‘वर्ष पुरं झालंच नाही’ असं म्हणायला दोन दिवसांची फट राहते. असा वाद नोकरी सुटल्यावर घालण्यापेक्षा नोकरीत असतानाच मिटवणं सोपं.

दुसरं कारण कराराच्या स्वभावातच आहे. ठरलेली मुदत संपून नोकरी गेली, तर कायदा तिला कपात मानत नाही. 1984 साली औद्योगिक विवाद कायद्यात तशी तरतूद आली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. म्हणजे कपातीच्या वेळी द्यावी लागणारी नोटीस आणि भरपाई इथे लागू होत नाही. तारीख येते, नोकरी संपते. कोणी आठवण करून देईलच असं नाही, म्हणून ती तारीख दोघांकडे एकच असायला हवी.

पत्र लहान असावं. आपल्या निरीक्षकाचं पत्र असं होऊ शकतं:

‘महोदय, दि. 24/11/2025 च्या नियुक्तीपत्रानुसार माझी नेमणूक रुजू झाल्याच्या दिवसापासून एक वर्षासाठी आहे. मी दि. 3/12/2025 रोजी रुजू झालो. रुजू अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्यानुसार माझ्या कराराचा शेवटचा दिवस दि. 2/12/2026 येतो. मात्र पगार प्रणालीत दि. 30/11/2026 अशी नोंद दिसते. कृपया कराराची नेमकी अखेरची तारीख लेखी कळवावी आणि नोंदीत चूक असल्यास ती दुरुस्त करावी. तसेच तो दिवस धरून मला कामावर यायचे आहे का, हेही कळवावे. उत्तर दि. 15/10/2026 पर्यंत मिळावे ही विनंती.’

यातली शेवटून दुसरी ओळ फालतू वाटेल, पण तिचं काम आहे. कराराची अखेर आणि कामावर येण्याचा शेवटचा दिवस वेगळे असू शकतात. शिल्लक रजा अखेरीस लावली, तर माणूस आठ दिवस आधीच घरी बसतो आणि करार मात्र चालूच असतो. सेवा मोजायची ती कराराच्या तारखेपर्यंत. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची जी तारीख कंपनी भरते, तीही याच्याशी जुळायला हवी. नाहीतर पुढच्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख आधीच्या नोकरीवर चढते आणि खुलासे देत बसावं लागतं.

‘माझा करार 30 नोव्हेंबरला संपत आहे, तरी खात्री करावी’ असं मात्र लिहू नये. प्रणालीतली चूक आपणच मान्य केल्यासारखं होतं. मुदतवाढीची विनंतीही याच पत्रात घुसडू नये. मुदतवाढीचा निर्णय वरच्या साहेबांकडे अडकतो आणि तारखेचं साधं उत्तरही त्याच्याबरोबर लटकतं. ती विनंती वेगळ्या पत्रात करावी.

पत्र ईमेलने पाठवावं आणि कागदी प्रतीवर पोच घ्यावी. ‘अहो, होईल दुरुस्त, काळजी करू नका’ हे एचआरच्या टेबलाजवळचं आश्वासन खरंही असेल, पण त्या टेबलावरचा माणूस ऑक्टोबरनंतर तिथेच असेल याची हमी नाही. तोंडी उत्तर मिळालं, तर त्याच दिवशी ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते ईमेलवर कळवावं.

आणि उत्तरात 30 नोव्हेंबरच आली तर? मग ती तारीख कोणत्या कलमावरून काढली, हे विचारावं. प्रणाली महिनाअखेरच स्वीकारते, हे कारण नियुक्तीपत्रापेक्षा मोठं ठरत नाही. कंपनीला खरोखरच दोन दिवस आधी थांबायचं असेल, तर ती करार मुदतीआधी संपवते आहे. अशा वेळी नियुक्तीपत्रातलं नोटिशीचं कलम काय सांगतं, ते काढून वाचावं लागेल.