एक काना राहिला तर

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की पालक टक्के, शेरा, वर्तणूक बघतात. तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ सहसा कोणी वाचत नाही: वरील माहिती जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे. मुलाच्या नावाचा सगळा मामला या एका ओळीत असतो. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी लेखनिकाने त्या जाडजूड रजिस्टरमध्ये जे लिहिलं, तेच पुढे बोनाफाईडवर, दाखल्यावर आणि दहावीच्या अर्जात उतरत जातं.

समजा, जन्मदाखल्यावर मुलीचं नाव ‘आर्या’ आहे आणि रजिस्टरमध्ये काना राहून ‘आर्य’ झालंय. ही चूक वर्षानुवर्षं लपते, कारण संगणकावर दोन्ही नावं ARYA अशीच भरली जातात. हजेरीला बाई ‘आर्या’च म्हणतात. मग शिष्यवृत्तीसाठी मराठी बोनाफाईड काढायला गेलं की मुलीचा मुलगा झालेला दिसतो.

अशा वेळी पालक शाळेत जाऊन तोंडी सांगतात, मुख्याध्यापक ‘बघतो’ म्हणतात आणि पुढे काहीच हलत नाही. हलणार कसं? माध्यमिक शाळा संहितेतल्या नियम २६.४ प्रमाणे रजिस्टरमधलं नाव, जात किंवा जन्मतारीख शाळेला आपल्या अधिकारात बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, आणि तसा प्रस्ताव पाठवायला शाळेला पालकाचा लेखी अर्ज हवा. म्हणजे मुख्याध्यापकांच्या नावाने लिहिलेलं पत्र प्रत्यक्षात वरच्या कार्यालयातला माणूस वाचणार असतो. त्याने ना मुलीला पाहिलंय, ना शाळेला. त्याला सगळं कागदावरूनच कळलं पाहिजे.

म्हणून विषयाच्या ओळीतच ‘नावात बदल’ न लिहिता ‘नावाच्या नोंदीत दुरुस्ती’ असं लिहावं. बदल म्हणजे आधीचं नाव बरोबर होतं, आता दुसरं हवंय. तो रस्ता शासकीय राजपत्राकडे जातो. दुरुस्ती म्हणजे नाव पहिल्यापासून हेच होतं, लिहिताना चुकलं. आर्याच्या पत्राचा गाभा असा होईल:

‘माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सातवी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर क्रमांक व प्रवेशाचा दिनांक वर दिला आहे. रजिस्टरमध्ये तिचे नाव “आर्य” असे नोंदले गेले आहे. प्रवेशाच्या वेळी जोडलेल्या जन्मदाखल्यानुसार ते “आर्या” असे हवे. वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव व जन्मतारीख बरोबर असून त्यांत दुरुस्ती नको. कृपया मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवावा.’

इतकं पुरतं. ‘त्यांत दुरुस्ती नको’ हे वाक्य फालतू वाटेल, पण पुढची एक शंका ते आधीच मिटवतं. प्रवेश अर्जावर आपणच ‘आर्य’ लिहिलं असेल, तर तेही सरळ सांगावं. तो अर्ज शाळेच्या फायलीत आहेच, दोष शाळेवर ढकलला तर तो बाहेर निघतो.

पुराव्यांत वजन तारखेला असतं. जन्मनोंद प्रवेशाच्या आधीची असेल, तर मूळ नाव तेच होतं हे सिद्ध होतं. गेल्या महिन्यात दुरुस्त करून आणलेलं आधार कार्ड त्या कामी फारसं येत नाही. उलट पालकांनी नाव आत्ता बदललं की काय, अशी शंका येते. जन्मदाखल्यातच चूक असेल तर शाळेत जाऊन उपयोग नाही, आधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीत ती निस्तरावी लागते.

पत्र दोन प्रतींत न्यावं. एक शाळेत द्यावी, दुसरीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा. महिनाभराने चौकशीला गेलं तर ‘कुठला अर्ज?’ हा प्रश्न त्या आवक क्रमांकामुळे येत नाही.

हे सगळं मूल शाळेत असताना, निदान दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी व्हावं. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक गेली की शाळेबरोबर बोर्डाच्या दारातही उभं राहावं लागतं. शाळा सोडल्यावर तर संहिता आणखी कडक होते. तेव्हाही उघड चूक असेल तर दुरुस्ती होऊ शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ‘उघड’ हे दाखवायला पुन्हा तोच जुना कागद लागतो.

मान्यता आल्यावर रजिस्टरमधलं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर रेघ मारून वर बरोबर नाव लिहितात आणि शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक, दिनांक व मुख्याध्यापकांची सही येते. हे झालेलं डोळ्यांनी बघावं आणि आदेशाची प्रत मागून घ्यावी. मग लगेच एक नवं मराठी बोनाफाईड काढावं, कारण रजिस्टर दुरुस्त झालं तरी दाखले छापणाऱ्या संगणकातलं मराठी नाव कोणीतरी वेगळं बदलावं लागतं, आणि ते बरेचदा राहून जातं.