फायदा झाला, तरीही मेल आला

4 जून 2024. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक उसळून 23,264 वर बंद झाला होता. मतमोजणीचे कल येऊ लागले तसा तो कोसळला, दिवसात 21,281 पर्यंत गेला आणि 21,884 वर बंद झाला. म्हणजे एका दिवसात जवळपास सहा टक्क्यांची घसरण. 5 तारखेला पुन्हा 22,620. अशा आठवड्यात मुंबईतल्या एखाद्या ब्रोकिंग फर्मच्या रिस्क मॅनेजरला आपल्याच ट्रेडरला कडक मेल लिहावा लागतो, तो कसा असतो, हे इथे पाहू. फर्म आणि माणसे काल्पनिक आहेत, बाजाराचे आकडे खरे आहेत.

हा ट्रेडर फर्मच्या स्वतःच्या पैशावर धंदा करतो. 3 जूनला त्याने 22,500 चे पुट विकले, 6 जूनच्या एक्स्पायरीचे, 200 लॉट. तेव्हा लॉट 25 चा होता, म्हणजे एकूण 5,000 युनिट. पुट विकणे म्हणजे एका अर्थी विमा विकणे. प्रीमियम आधी खिशात येतो, आणि निफ्टी 22,500 च्या खाली गेला तर जेवढा खाली जाईल तेवढी भरपाई विकणाऱ्याने द्यायची. निफ्टी 23,264 वर असताना ती पातळी साडेसातशे अंक दूर होती. सौदा तसा बेफिकीर नव्हता.

फर्मने त्याला पाच कोटींची मर्यादा दिली होती, पण ती लॉटवर नव्हती, डेल्टावर होती. निफ्टी एक अंक हलला तर ऑप्शनची किंमत किती हलते, त्याला डेल्टा म्हणतात. 3 तारखेला या पुटांचा डेल्टा साधारण 0.15 धरू. म्हणजे 5,000 युनिटची पोझिशन प्रत्यक्षात 750 युनिट निफ्टी विकत घेतल्यासारखी वागत होती; रुपयांत पावणेदोन कोटींच्या आसपास. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

4 तारखेला निफ्टी 22,500 च्या खाली गेला आणि तोच डेल्टा 0.86 च्या घरात पोचला. आता ही पोझिशन 4,300 युनिटसारखी, म्हणजे सव्वानऊ कोटींच्याही वर. ट्रेडरने एकही नवा सौदा न करता मर्यादा जवळपास दुप्पट ओलांडली गेली. ऑप्शन विकणाऱ्याची खरी पंचाईत हीच: बाजार त्याच्याविरुद्ध जितका जातो, तितकी त्याची पोझिशन आपोआप फुगते. मर्यादा मोडल्यावर चौकशी सुरू होते ती म्हणूनच या प्रश्नापासून: बाजाराने मोडली, की माणसाने? पहिल्या प्रकाराला पॅसिव्ह ब्रीच म्हणतात. त्यात दोष कमी, पण ठरलेल्या वेळेत पोझिशन आत आणायची जबाबदारी असते. त्यासाठी निफ्टी फ्युचर्स विकून हेज करता येते, किंवा काही पुट परत विकत घेऊन तोटा पदरात घेता येतो.

सकाळी सिस्टिमचा अलर्ट गेला. ट्रेडरने फोनवर सांगितले, ‘बघतो, जरा सावरू दे.’ दुपारी त्याने आणखी 60 लॉट पुट विकले, 21,500 चे. घाबरलेल्या बाजारात प्रीमियम फुगलेले होते, मोह पडावा असेच. पण या सौद्याने पॅसिव्ह ब्रीच ॲक्टिव्ह झाला. बाजार बंद झाल्यावर गेलेला मेल साधारण असा:

‘विषय: डेल्टा मर्यादेचे उल्लंघन, 4 जून.

आज बाजार बंद होताना तुमच्या बुकचा डेल्टा सव्वादहा कोटी आहे. मंजूर मर्यादा पाच कोटी. यातला साधारण साडेनऊ कोटींचा भाग 3 तारखेच्या पुटांचा आहे आणि तो बाजाराच्या हालचालीमुळे वाढला आहे. उरलेला भाग आज दुपारी, अलर्ट मिळाल्यानंतर केलेल्या विक्रीचा आहे. त्यासाठी माझी किंवा डेस्क हेडची मंजुरी घेतलेली दिसत नाही, असल्यास पाठवावी. निफ्टी इथून आणखी पाच टक्के पडला तर या बुकचा नवा तोटा साठ लाखांच्या आसपास असेल. उद्या सकाळी दहापर्यंत डेल्टा पाच कोटींच्या आत आणावा. तोपर्यंत फक्त पोझिशन कमी करणारे सौदे करता येतील. दहा वाजता ती आत नसेल, तर आम्ही फ्युचर्स विकून हेज करू आणि त्याचा नफा-तोटा तुमच्याच बुकात जाईल. अलर्टनंतर विक्री का केली, हे उद्या लेखी कळवावे. प्रत: डेस्क हेड, कम्प्लायन्स.’

या मेलमध्ये ‘बेजबाबदार’सारखा एकही शब्द नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. उद्या ऑडिटर किंवा सेबीचा अधिकारी तो वाचेल तेव्हा त्याला रागाचा काही उपयोग नाही. त्याला आकडा, मर्यादा, वेळ आणि पुढे काय होणार, एवढेच हवे असते. चांगल्या मेलमध्ये दोन कारणांचे आकडे वेगळे केलेले असतात. ते एकत्र टाकले की ट्रेडर हमखास म्हणतो, ‘बाजारच पडला, मी काय करू?’

5 तारखेला बाजार वर उघडला. ट्रेडरने हेज केले नाही, दहाच्या सुमारास ‘पाच मिनिटे द्या’ म्हणत वेळ काढला, आणि रिस्क मॅनेजरनेही हात आखडता घेतला. (ही चूक त्याची. मुदत लिहायची आणि पाळायची नाही, यापेक्षा मुदत न लिहिलेली बरी.) संध्याकाळी निफ्टी 22,620 वर होता, डेल्टा पावणेपाच कोटींवर उतरला होता. 6 तारखेला निफ्टी 22,821 वर बंद झाला, सगळे पुट शून्य झाले आणि पूर्ण प्रीमियम फर्मच्या खात्यात राहिला. ट्रेडरचे लेखी उत्तर दोन ओळींचे: पोझिशन मर्यादेत आहे, फायदा झाला आहे, विषय संपला.

इथेच अनेक फर्म चुकतात, कारण कमावून देणाऱ्याला बोलायला कुणाची जीभ रेटत नाही. याचे सर्वात महागडे उदाहरण 2012 मधले, जेपी मॉर्गन बँकेच्या लंडनच्या डेस्कचे. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने 2013 मध्ये अहवाल दिला. त्यानुसार वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत तिथल्या जोखमीच्या मर्यादा 330 हून अधिक वेळा मोडल्या गेल्या होत्या. इशारे जात होते. पण पोझिशन कमी करण्याऐवजी मर्यादा तात्पुरती वाढवली गेली, आणि जोखीम मोजायचे गणितच बदलले गेले, त्यामुळे कागदावर ती जवळपास निम्मी दिसू लागली. अखेरचा तोटा सहा अब्ज डॉलरच्या वर गेला.

म्हणून आपल्या ट्रेडरला 6 तारखेला दुसरा मेल गेला. त्यात फायद्याचा उल्लेख एकाच वाक्यात होता: तो या चौकशीत विचारात घेतलेला नाही. ॲक्टिव्ह ब्रीचची नोंद कायम राहिली. पुढच्या एक्स्पायरीपर्यंत त्याची मर्यादा निम्मी झाली, आणि ऑप्शन विक्रीवर पाच टक्के घसरणीतल्या संभाव्य तोट्याची नवी मर्यादा बसली. ती आधी असती, तर 3 तारखेलाच 200 लॉट विकता आले नसते. पावणेदोन कोटींचा निरुपद्रवी डेल्टा पाहून तेव्हा कुणालाच काही वाटले नव्हते. ब्रीच रजिस्टरमध्ये ‘कशामुळे मिटला’ असा एक रकाना असतो. ट्रेडरने तिथे ‘हेज’ लिहून पाठवले होते. रिस्क मॅनेजरने ते खोडून ‘बाजार’ लिहिले.