पॅडलखालची स्प्रिंग पोट का काढते?

प्लास्टिकच्या पिशव्या सील करणारं, पायाने चालणारं छोटं मशीन डोळ्यांसमोर आणा. पॅडल दाबलं की जबडा मिटतो, पाय उचलला की पॅडल परत वर यायला हवं. ते वर आणते खाली बसवलेली दाब-स्प्रिंग. पॅडल पूर्ण खाली गेलं की स्प्रिंग ५० मिमी दबलेली असावी आणि तेव्हा तिने २०० न्यूटनचा, म्हणजे साधारण वीस किलो वजनाइतका, जोर लावावा, एवढीच या कामाची मागणी आहे.

ही मागणी स्प्रिंगबद्दल एकच गोष्ट ठरवते. २०० भागिले ५०, म्हणजे दर मिलिमीटरला ४ न्यूटन. हा तिचा कडकपणा. तेवढा कडकपणा देणाऱ्या स्प्रिंगा मात्र शेकडो निघतात. जाड तारेची रुंद, बारीक तारेची अरुंद, थोड्या वेढ्यांची, पुष्कळ वेढ्यांची. खरं काम त्यांतून एक निवडण्याचं आहे.

दाब-स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार आखडत नाही, पिळली जाते. ओला टॉवेल पिळावा तसा प्रत्येक वेढा थोडा पीळ खातो आणि त्या सगळ्या पिळांची बेरीज म्हणजे स्प्रिंगचं दबणं. म्हणून हिशेबाचं सूत्र असं बनतं:

```
k = G × d⁴ ÷ (8 × D³ × n)
```

यात k म्हणजे कडकपणा, d तारेची जाडी, D वेढ्याचा सरासरी व्यास (तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत) आणि n काम करणारे वेढे. G हा पोलादाचा पिळाला होणारा विरोध, सुमारे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जाडीचा चौथा घात नीट पाहावा. ३ मिमीऐवजी २.९ मिमीची तार वापरली गेली तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण स्प्रिंग जवळजवळ १३ टक्के मऊ होते. स्प्रिंग मऊ निघाल्याची तक्रार आली, तर आधी मायक्रोमीटरने तार मोजावी.

आता पहिली निवड. पॅडलखाली जागा थोडी, म्हणून अरुंद स्प्रिंग घेऊ: तार २.५ मिमी, सरासरी व्यास १५ मिमी. सूत्र सांगतं की काम करणारे २९ वेढे हवेत. दोन्ही टोकांचा एकेक वेढा मिटवून, घासून सपाट करतात. तो बसायला लागतो, काम करत नाही. म्हणजे एकूण ३१ वेढे. वेढ्याला वेढा टेकला की उरणारी उंची ७७.५ मिमी. तिच्यात ५० मिमी दबण्याचे मिळवायचे, वर त्याच्या १५ टक्के, म्हणजे ७.५ मिमी मोकळीक ठेवायची, नाहीतर पॅडल तळाला गेल्यावर वेढे एकमेकांवर आपटतील. स्प्रिंगची मोकळी लांबी झाली १३५ मिमी.

तारेला हे सोसेल का? वेढ्याच्या आतल्या कडेवर ताण बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंते ए. एम. वाल यांनी त्यासाठी दिलेला गुणक आजही सगळीकडे वापरतात. तो धरून आपल्या स्प्रिंगमध्ये २०० न्यूटनला चौरस मिलिमीटरमागे सुमारे ६१० न्यूटन ताण येतो. चांगल्या प्रतीच्या स्प्रिंग तारेची तुटण्याची ताकद या जाडीला १८०० च्या वर असते आणि पिळाचा ताण तिच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा रूढ ठोकताळा आहे. ही हद्द ओलांडली की स्प्रिंग ‘सेट’ होते, म्हणजे दाबून सोडल्यावर पहिल्या उंचीवर परत येत नाही. आपली स्प्रिंग हद्दीच्या बरीच आत आहे.

कागदावर सगळं जमलं. मशीनवर बसवून पॅडल दाबलं की मात्र अर्ध्या वाटेच्या आतच स्प्रिंग बाजूला पोट काढते.

याला बकलिंग म्हणतात. उभ्या धरलेल्या लांब वेताच्या छडीवर जोर दिला की ती जशी वाकते, तसंच हे. फरक एवढाच, की स्प्रिंग दाबाखाली आखूडही होत जाते आणि आडव्या सरकण्याला तिचा विरोध फार थोडा असतो. ही दोन्ही धरून मांडलेली उपपत्ती फिलिप्सच्या प्रयोगशाळेतले डच संशोधक हारिंक्स यांनी १९४० च्या दशकात विस्ताराने दिली. तिच्यातून निघालेला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. दोन्ही टोकं सपाट आणि समांतर बैठकींवर घट्ट बसलेली असतील, तर मोकळी लांबी सरासरी व्यासाच्या सुमारे सव्वापाच पटींच्या आत असेपर्यंत पोलादी स्प्रिंग कितीही दाबली तरी पोट काढत नाही. आपली स्प्रिंग नऊ पट आहे. हिशेब केला तर ती २० मिमीच्या आसपासच वाकते, तेव्हा तिच्यावर जेमतेम ८० न्यूटन असतात.

दोष लांबीत दिसतो, पण त्याचं मूळ व्यासात आहे. अरुंद वेढा फारसा पीळ खात नाही. २०० न्यूटनला इथला एकेक वेढा १.७ मिमीच दबतो, म्हणून वेढे वाढले आणि वेढे वाढले म्हणून लांबी वाढली. तेव्हा उपाय रुंदीत शोधायचा. तार ३ मिमी, सरासरी व्यास २५ मिमी घेतला तर काम करणारे १३ वेढे पुरतात, एकेक ३.८ मिमी दबतो. टेकलेली उंची ४५, मोकळी लांबी १०२.५ मिमी. प्रमाण ४.१ पट, सव्वापाचाच्या आत.

इथे पुष्कळांचा हिशेब थांबतो आणि तिथेच चूक होते. सव्वापाचाची हद्द समांतर बैठकींची आहे. पॅडल एका खिळीभोवती फिरतं. खाली जाताना त्याची खालची बाजू तिरकी होते आणि स्प्रिंगचं वरचं टोक तिच्याबरोबर कलतं. एक टोक असं कलायला मोकळं असेल, तर हद्द ३.७ पटींवर येते. दोन्ही टोकं मोकळी असतील, तर २.६ वर. आपली ४.१ पटींची स्प्रिंग एका कलत्या टोकासह ४८ मिमीला पोट काढेल. पॅडल तळाला जायला अवघे दोन मिमी राहिलेले असताना! चाचणीच्या टेबलावर, दोन सपाट पट्ट्यांमध्ये, हीच स्प्रिंग निर्दोष ठरली असती.

मशीनमध्ये हे ओळखायची खूण आहे. मधल्या वेढ्यांवर एकाच बाजूला घासून चकाकी येते, कारण पोट नेहमी त्याच बाजूला जातं. आत मार्गदर्शक दांडा घालता येतो, पण मग स्प्रिंग दर दाबाला त्याच्यावर घासते, जोराचा काही भाग घर्षणात जातो आणि तार तिथेच झिजून तुटते. जागा असेल तर व्यास आणखी वाढवणं बरं.

३ मिमीचीच तार, सरासरी व्यास ३० मिमी. काम करणारे वेढे साडेसात, एकूण साडेनऊ. टेकलेली उंची २८.५, मोकळी लांबी ८६ मिमी. प्रमाण २.९ पट, कलत्या टोकाच्या हद्दीच्याही आत. वेढे पूर्ण टेकेपर्यंत दाबली तरी ताण ७४५ च्या आसपास, म्हणजे ४५ टक्क्यांच्या हद्दीखाली. दबताना वेढ्यांचा व्यास किंचित वाढतो, म्हणून ३३ मिमी बाहेरच्या व्यासाला ३५ मिमीची वाटी ठेवावी. स्प्रिंग बनवणाऱ्याला द्यायच्या कागदावर मग एवढं लिहायचं: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण वेढे, टोकं मिटवून घासलेली, मोकळी लांबी आणि ३६ मिमी उंचीला २०० न्यूटन.